घडणावळीची घासाघीस

सराफाच्या दुकानात सोन्याच्या भावावरून सहसा घासाघीस होत नाही. सकाळी बाजाराचा भाव येतो, तो काउंटरमागच्या फलकावर लागतो आणि गिऱ्हाईकही तो घरून मोबाइलवर पाहूनच निघालेलं असतं. वजन काट्यावर दोघांच्या डोळ्यांसमोर दिसतं. शुद्धतेचं म्हणाल, तर १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक असावाच लागतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये टाकला की दागिना किती कॅरेटचा आहे ते कोणालाही पाहता येतं. भाव, वजन आणि टंच अशा तिन्ही गोष्टी उघड्या. झाकलेली राहते ती एकच, घडणावळ. कोणी तिला मजुरी म्हणतं, कोणी मेकिंग. एका दुकानात ती ८ टक्के असते, दुसऱ्यात १५, आणि त्याच दुकानात दोन शेजारच्या दागिन्यांवर वेगवेगळी असते. ती अशी का, हे सहसा कोणी सांगत नाही.

म्हणूनच ‘मजुरीत काही बघा ना’ हे वाक्य पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, कोल्हापूरच्या गुजरीत, जळगावच्या सराफ बाजारात रोज ऐकू येतं. ते ऐकल्यावर काउंटरवरचा माणूस पुढच्या मिनिटभरात काय बोलतो, यावर बरंच काही ठरतं. गिऱ्हाईक दुखावलं तर ते एकटं जात नाही, सोबत अख्खं कुटुंब जातं, कारण सोनं लोक घरोब्याच्या दुकानातच घेतात. आणि सूट देऊन टाकली, तर दुकानाला त्या विक्रीतून जवळपास काहीच उरत नाही. हे दुसरं गिऱ्हाइकाला तर ठाऊक नसतंच, पण काउंटरवर उभ्या असलेल्या विक्रेत्यालाही अनेकदा ठाऊक नसतं. त्यामुळे आधी हिशेब पाहू.

समजा, वीस ग्रॅमच्या पाटल्यांचा जोड आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. सोन्याची किंमत झाली २,००,००० रुपये. घडणावळ १२ टक्के, म्हणजे २४,०००. दोन्ही मिळून २,२४,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, ६,७२० रुपये. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर. एकूण बिल साधारण २,३०,८०० रुपयांचं.

आता काउंटरच्या पलीकडची बाजू. दोन लाखांचं सोनं विकलं, की दुकानदाराला तेवढंच सोनं त्याच भावाने पुन्हा घ्यावं लागतं, नाहीतर उद्या त्याच्याकडे विकायला माल उरणार नाही. भाव चढला म्हणून तो श्रीमंत होतो हा समज बराचसा चुकीचा आहे, कारण वीस ग्रॅम विकून त्याला वीस ग्रॅमच परत घ्यायचे असतात. म्हणजे दोन लाखांत त्याचं काही नाही. जीएसटी सरकारचा, हॉलमार्कचे पैसे केंद्राचे. उरली घडणावळ. त्या २४,००० मधून कारागिराची मजुरी आणि घडवताना, घासताना, पॉलिश करताना झालेली तूट द्यायची. दोन्ही मिळून सोन्याच्या किमतीच्या ५ टक्के धरले, तर १०,००० गेले. हातात राहिले १४,०००. दुकानाचं भाडं, पगार, विमा, तिजोरी, वीज आणि त्या पाटल्या काउंटरमध्ये जितके दिवस पडून होत्या तितक्या दिवसांचं दोन लाखांवरचं व्याज, हे सगळं या १४,००० मधून. वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरलं तर एका महिन्याचे सोळाशे रुपये होतात. दागिना सहा महिने पडून राहिला असेल, तर १४,००० मधले दहा हजार व्याजातच गेलेले असतात.

आता गिऱ्हाईक म्हणतं, ‘मजुरी निम्मी करा.’ घडणावळ १२ वरून ६ टक्क्यांवर आली, की बिल १२,३६० रुपयांनी उतरतं. बिलावर छापलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते, म्हणून तिच्यासोबत तिच्यावरचा करही कमी होतो. गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं तर दोन लाख तीस हजारांत साडेपाच टक्केही सुटले नाहीत. त्याला वाटतं, फार काही मागितलं नाही. दुकानाचे मात्र १४,००० चे २,००० झाले. ते १४,००० पुन्हा उभे करायला असे सात जोड विकावे लागतील. घासाघीस करणारा पूर्ण बिलाकडे पाहून बोलतो आणि देणारा एका अरुंद पट्टीतून कापून देतो, यातच सगळी अडचण आहे. ही पट्टी किती अरुंद आहे हे विक्रेत्याला माहीत असलं, तर त्याच्या तोंडून ‘चला, तुमच्यासाठी दोन टक्के कमी’ इतक्या सहज निघणार नाही. मालकांनी हा हिशेब नोकरांपासून लपवू नये असं माझं ठाम मत आहे. नोकराला नफा कळला तर तो बाहेर बोलेल, अशी भीती असते. पण ज्याला नफा कळत नाही तो तो वाटत सुटतो, आणि हे नुकसान कितीतरी मोठं असतं.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. ‘मजुरी जास्त होते हो’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तीनपैकी एक गोष्ट असते. एक तर आपण फसत तर नाही ना, ही शंका. किंवा ठरवून आणलेल्या पैशांत हे बसत नाही, ही अडचण. किंवा काहीतरी कमी करून घेतल्याशिवाय उठायचं नाही, हा रिवाज. तिन्हींचं वाक्य एकच असतं, उत्तरं मात्र वेगळी द्यावी लागतात. चुकीच्या ठिकाणी सूट दिली की पैसेही जातात आणि प्रश्नही सुटत नाही.

सर्वांत जास्त आढळते ती शंका. आणि शंकेला सूट हे सगळ्यांत वाईट उत्तर आहे. विचारताक्षणी १२ चे १० केले, तर गिऱ्हाइकाला आनंद होत नाही, त्याला कळतं की पहिला आकडा खरा नव्हता. मग १० तरी खरा कशावरून? तो ८ मागतो. ८ मिळाले तर बाहेर पडताना वाटतं, ६ मागायला हवे होते. दोन टक्के देऊन दुकानदाराने विश्वास विकत घेतलेला नसतो, उलट होता तोही घालवलेला असतो.

शंकेचं उत्तर म्हणजे घडणावळ उघडून दाखवणं. त्यासाठी वेगळ्या घडणीचे दोन दागिने ट्रेमध्ये शेजारी ठेवावेत. समोर पंचावन्न-साठीच्या बाई बसल्यात, सोबत लेक आहे, हातात ठुशी आहे आणि मजुरी ऐकून त्या थबकल्यात असं समजा. विक्रेता मशीनवर बनलेली एक साधी साखळी काढतो आणि म्हणतो, “काकू, या साखळीची मजुरी कमी आहे, कारण ही मशीनवर एकामागून एक निघते. ठुशीचा प्रत्येक मणी वेगळा. मणी करायचे, एकसारखे निवडायचे, मग ते जवळ जवळ गुंफायचे. एक मणी वर-खाली झाला तर गळ्यात लगेच दिसतं. हे बघा, मागून बघा.” आणि तो ठुशी उलटी करून त्यांच्या हातात देतो. दागिना उलटा दाखवणं मोलाचं असतं. समोरून सगळेच दागिने चमकतात, काम कळतं ते मागून.

बोरमाळेचंही असंच. जुन्या पद्धतीच्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. लाखेसकट वजन किती आणि सोन्याचं निव्वळ वजन किती, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी दुकानदारानेच चिठ्ठीवर वेगवेगळं लिहिलं, की मजुरीवरची अर्धी चर्चा तिथेच निवते. ज्याने वजन लपवलं नाही तो मजुरीत लुबाडत असेल असं माणसाला सहसा वाटत नाही. म्हणून एक साधा रिवाज फार उपयोगी पडतो. दागिना पसंत पडला, की तोंडी आकडा न सांगता छोट्या चिठ्ठीवर निव्वळ वजन, आजचा भाव, घडणावळ टक्क्यांत आणि रुपयांत, हॉलमार्क, कर आणि एकूण, असं लिहून चिठ्ठी गिऱ्हाइकाकडे फिरवायची. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं नव्या विक्रेत्याला जमत नाही. समोरचा माणूस आकडे वाचत असतो, मनात बेरीज करत असतो, आणि हा शांततेला घाबरून स्वतःच बोलतो, ‘थोडं करून देऊ की.’ मागितलंही नव्हतं तेव्हाच दिलं.

बोलताना काही शब्द टाळलेलेच बरे. ‘परवडत नाही’ हे दुकानदाराचं आवडतं वाक्य आहे, पण ऐकणाऱ्याला ते रडगाणं वाटतं, कारण समोर झुंबर लटकत असतं आणि एसी चालू असतो. ‘हे जरा महागातलं आहे, दुसरं दाखवतो’ हे त्याहून वाईट. त्यात तुमची ऐपत नाही असं ऐकू येतं, आणि सोबत सून किंवा जावई बसलेला असेल तर ते वाक्य घरात पुढची दहा वर्षं आठवलं जातं. ‘बाहेर चौकशी करा’ हेही फटकारल्यासारखं लागतं. त्याऐवजी कारण सांगावं, आकडा सांगावा आणि जे नाही ते सरळ पण मऊ सांगावं: “ताई, या कामावर सगळ्यांना हीच मजुरी आहे.” यातला ‘सगळ्यांना’ हा शब्द महत्त्वाचा. नकाराने माणूस जितका दुखावत नाही, तितका दुसऱ्याला मिळालं आणि मला नाही, यानं दुखावतो.

पण मग ते खरंच सगळ्यांना सारखं हवं. दोन जावांनी एकाच आठवड्यात एकाच दुकानातून बांगड्या घेतल्या आणि हळदीकुंकवाला बिलांची गोष्ट निघाली, तर एकीला १२ आणि दुसरीला ९ टक्के निघता कामा नये. जिने ९ वर घेतल्या ती आनंदात असते हे खरं, पण १२ देणारी पुन्हा येत नाही. म्हणून कुठल्या दागिन्यावर कमाल किती सोडायचं आणि कशाच्या बदल्यात, हे सकाळी दुकान उघडण्याआधी ठरलेलं असावं. ते ठरलेलं असलं की ‘शेठना विचारून येतो’ हा प्रकारही बंद होतो. विक्रेता आत जातो, दोन मिनिटांनी येतो आणि एक टक्का कमी आणतो. गिऱ्हाईक यातून एवढंच शिकतं की पुढच्या वेळी थेट शेठकडे जायचं.

दुसरी गोष्ट अडचणीची. वर घेतलेलाच पाटल्यांचा जोड पाहू. नवरा-बायको आले आहेत, पाटल्या पसंत आहेत, पण मनात दोन लाखांची सीमा आहे. ती ते बोलत नाहीत, ते मजुरी कमी करा म्हणतात. विक्रेता दोन टक्के सोडतो, मग तीन. दोघं गप्पच. शेवटी ‘बघू, पुन्हा येतो’ म्हणून उठतात. इथे कितीही सूट दिली तरी हा व्यवहार होणारच नव्हता. घडणावळ पूर्ण माफ केली असती, तरी दोन लाखांचं सोनं आणि ३ टक्के कर मिळून २,०६,००० झाले असते. मजुरीवर बोलणं चाललं होतं, अडचण वजनात होती.

म्हणून सुरुवातीलाच मानाने विचारावं: “साधारण किती पर्यंत बसवायचं आहे, दादा? म्हणजे त्या अंदाजाने दाखवतो.” बहुतेक लोक सांगतात, थोडं कमी करून सांगतात, पण सांगतात. दोन लाख म्हटलं की विक्रेत्याने त्याच नक्षीच्या सतरा ग्रॅमच्या पाटल्या काढाव्यात. सोनं १,७०,०००, घडणावळ त्याच १२ टक्क्यांनी २०,४००, कर ५,७१२, हॉलमार्क धरून बिल १,९६,२०० च्या आसपास. गिऱ्हाईक सीमेच्या आत राहिलं, टक्क्याला हात लागला नाही आणि आपल्या हिशेबाने दुकानाकडे ११,९०० उरले. वीस ग्रॅमवर मजुरी निम्मी केली असती तर उरले असते २,०००, आणि बिल तरीही दोन लाखांच्या वरच गेलं असतं.

मात्र इथे एक प्रामाणिकपणा पाळावाच लागतो. हलक्या पाटल्या लवकर दबतात. म्हणून “रोज घालणार की सणावाराला?” हे विचारायला हवं. रोज घालायच्या असतील तर तीन ग्रॅम वाचवून आणखी पातळ करण्यापेक्षा कमी रुंदीच्या पण जाड पत्र्याच्या घ्या, हा सल्ला द्यावा. किंमत बसवण्यासाठी वर्षभरात चेपणारा दागिना गळ्यात मारला, तर त्याचा जाब याच काउंटरवर द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट रिवाजाची. लग्नाचा बस्ता काय, सोनं काय, काहीतरी सोडवून घेतल्याशिवाय घरी गेलं तर वडीलधाऱ्यांना करमत नाही. यात काही गैर नाही. वधूचे वडील व्याह्यांसमोर बसलेले असतात आणि आपल्या शब्दाला या दुकानात किंमत आहे हे त्यांना दाखवायचं असतं. त्यांना सर्वांसमोर ‘होणार नाही’ म्हणणं हा अपमान आहे. मालकाने उठून त्यांच्याजवळ जावं, चहा मागवावा, आणि आकड्याचं बोलणं बाजूला नेऊन करावं. आणि अशा वेळी द्यायला काहीतरी हाताशी असावं. ते मात्र असं निवडावं की घेणाऱ्याला मोठं वाटेल आणि देणाऱ्याला हलकं जाईल.

उदाहरणार्थ, क्रेडिट कार्डाने २,३०,८०० रुपये घेतले आणि बँकेचं शुल्क दीड टक्का धरलं, तर साधारण ३,४६० रुपये दुकानाच्या खिशातून जातात. १४,००० मधले जवळपास पाव. म्हणून असं म्हणता येतं, “काका, पैसे बँकेतून थेट पाठवणार असाल तर मजुरीत एक टक्का मी कमी करतो.” काकांना कर धरून २,०६० रुपये सुटले, वर आपल्या शब्दाला मान मिळाला. दुकानाने २,००० दिले आणि ३,४६० वाचवले. ही सूट फुकटची नाही, बदल्यात काहीतरी घेतलं आहे, आणि हे दोघांनाही स्पष्ट आहे. बदल्यात काही मागितलं की घासाघीस आपोआप थांबते, कारण पुढचा टक्का मागताना आपण काय देणार, हा प्रश्न समोर उभा राहतो. अट एवढीच की ही सवलत बँकेतून पैसे देणाऱ्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे. रोखीचा आग्रह मात्र इथे धरू नये. आयकर कायद्याने एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला बंदी आहे.

दुसरी हलकी गोष्ट म्हणजे सेवा. मंगळसूत्र पुन्हा ओवून देणं, नथीचा मळ काढणं, वर्षातून एकदा पॉलिश, सैल झालेली फिरकी घट्ट करणं. या कामांना दुकानाला थोडा वेळ लागतो, सोनं लागत नाही. गिऱ्हाइकाला ती खरोखर हवी असतात आणि त्यासाठी ते पुन्हा दुकानात येतं. फक्त पॉलिशने दागिना किंचित झिजतो, तेव्हा आधीचं आणि नंतरचं वजन दोन्ही दाखवावं. तिसरी गोष्ट, सहा-आठ महिने पडून राहिलेल्या घडणीवर जाहीर कमी मजुरी. तो ट्रे वेगळाच ठेवावा आणि दर सर्वांसाठी लिहून लावावा. व्याज तिथे रोज चालू असतं, त्यामुळे ही सूट देणं हिशेबाला धरून आहे.

आता ज्या गोष्टी कधीच द्यायच्या नाहीत त्यांकडे. त्यांत सर्वांत फसवी आहे मोड. जुना दागिना देऊन नवा घेणारं गिऱ्हाईक मजुरीवर अडलं, की विक्रेत्याला सोपी वाट दिसते: मजुरी आहे तशी ठेवतो, मोडीचा टंच थोडा चढा धरतो. समजा, आईच्या वेळची दहा ग्रॅमची बांगडी आहे, शिक्का नाही. मशीनने ८९ टक्के दाखवले आणि विक्रेता म्हणाला, ‘चला, ९१.६ धरून टाकू.’ फरक दिसायला २.६ टक्के, पण तो शुद्ध सोन्याचा आहे, पाव ग्रॅमहून जास्त. आपल्या भावाने साधारण २,८०० रुपये झाले. पाटल्यांवरचा एक टक्का मजुरी सोडली असती तर दोन हजार गेले असते, आणि ते बिलावर दिसले तरी असते. मोडीत दिलेली सूट कुठेच दिसत नाही. ती दिसते महिन्याच्या शेवटी, सोनं गाळून आल्यावर. आणि सुरुवातीला टंच चढा धरणारं दुकान पुढे कधीतरी कमी धरायला लागतं, तिथून बाजारात नाव खराब व्हायला सुरुवात होते.

मोडीवर गिऱ्हाइकाच्या भावना गुंतलेल्या असतात, हे विसरू नये. ‘तुमचं सोनं ८९ चंच आहे’ असं म्हणणं म्हणजे त्याच्या आईची खरेदी खोटी ठरवणं. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. हॉलमार्क नव्हता त्या काळात जोडकामाला वापरलेल्या डाकामुळे पूर्ण दागिन्याचा टंच खाली येतो. हे सांगावं, मशीनचा पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवावा, आणि शंका उरलीच तर त्याच्या संमतीने, त्याच्या समोर गाळून वजन आणि टंच पुन्हा घ्यावा. गाळणीचं हे काम देशभर करणारे कितीतरी लोक मूळचे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातले. गलाईवाले म्हणून ते ओळखले जातात. समोर गाळलेल्या सोन्यावर वाद घालणारं गिऱ्हाईक क्वचितच असतं. पण गाळल्यावर तो दागिना परत मिळणार नाही, हे मात्र आधी दोनदा सांगायला हवं.

दुसरी न द्यायची गोष्ट म्हणजे बिनबिलाचा व्यवहार. ‘बिल नको, तेवढे तीन टक्के कमी करा’ अशी मागणी होतेच. इथे कायद्याचं भाषण दिलं की समोरच्याला चोर ठरवल्यासारखं होतं. त्यापेक्षा त्याच्याच फायद्याचं सांगावं: “ताई, बिल नसेल आणि उद्या टंच कमी निघाला, तर तुम्ही माझ्याशी कशाच्या जोरावर भांडणार?” हे खरंही आहे. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहावं लागतं, आणि शुद्धता कमी भरली तर कमतरतेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. दाव्याला आधार त्या कागदाचाच. चोरीचा विमा मागतानाही तोच कागद लागतो.

आणि मग उरतं ते सर्वांत अवघड वाक्य: ‘पलीकडच्या दुकानात आठ टक्के मजुरी आहे.’ यावर पलीकडच्याला नावं ठेवली की आपणच लहान होतो. गिऱ्हाइकाला तुलना कशी करायची ते शिकवावं, कागदावर. मजुरीचा टक्का ही तुलनेची जागाच नव्हे. त्याच वीस ग्रॅमला तिथे भाव १०,२०० लावला, मजुरी ८ टक्के आणि घट म्हणून वेगळे २ टक्के, तर सोनं २,०४,०००, मजुरी १६,३२०, घट ४,०८०, मिळून २,२४,४००. आपले १२ टक्क्यांचे २,२४,०००. कर दोन्हीकडे सारखाच. म्हणून गिऱ्हाइकाला सांगावं की एकाच दिवशी, निव्वळ वजनावर, कर धरून शेवटचा आकडा किती, आणि उद्या हाच दागिना मोडायला आणला तर किती कापणार, एवढे दोनच प्रश्न तिकडे विचारा. कधी कधी तिथला आकडा खरोखर कमी निघतो. मशीनचा माल मोठ्या प्रमाणावर खपवणाऱ्या दुकानाला कमी मजुरी परवडते, आणि साखळीसारख्या दागिन्यात हाताने घडवणाऱ्या छोट्या सराफाने त्याच्याशी चढाओढ करू नये. तिथे ‘साखळी तिकडून घ्या, ठुशीला माझ्याकडे या’ असं मोकळेपणाने म्हणणारे सराफ आहेत. मला ते फार शहाणे वाटतात, कारण त्यांनी ८ टक्क्यांवर तोटा करून घेण्याचं टाळलं आणि गिऱ्हाईकही राखलं.

ठरलेल्या सीमेनंतरही व्यवहार जमला नाही, तर दागिना झटकन उचलून ट्रेमध्ये टाकू नये. ही हालचाल शब्दांपेक्षा जास्त बोलते. चिठ्ठी गिऱ्हाइकाला द्यावी, तिच्यावर तारीख आणि दागिन्याचा क्रमांक लिहावा, आणि सांगावं की मजुरीचा टक्का तुम्ही केव्हाही आलात तरी हाच राहील, भाव मात्र त्या दिवशीचा. पंधरा दिवसांनी ती चिठ्ठी घेऊन कोणी परत आलं, तर तिच्यावरच्या टक्क्यात काही वाढवायचं नाही आणि काही कमीही करायचं नाही, मग समोर मालक बसलेला असो की कालच कामाला लागलेला मुलगा.